वरच्या दोन दातांमधली फट : तारा, बाँडिंग की फ्रेनम कापणे? आधी काय, नंतर काय

बिरसा (बालाघाट) : वरच्या ओळीतल्या समोरच्या दोन मोठ्या दातांमध्ये फट असली की घरात तीन प्रकारचे सल्ले मिळतात. कुणी म्हणतं तारा लावा, कुणी म्हणतं सिमेंट भरून घ्या, एका दिवसाचं काम आहे. तिसरा ओठ वर उचलून बघतो आणि सांगतो, ही मधली पट्टी कापली की फट आपोआप मिटेल. तिन्ही उपचार खरे आहेत, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. प्रत्येकाची वेळ वेगळी आणि काम वेगळं. क्रम चुकला तर मिटलेली फट वर्षभरात परत उघडते.

बिरसा, बैहर, मलाजखंडच्या पट्ट्यातल्या माणसासाठी क्रमाचा प्रश्न आणखी महत्त्वाचा आहे. तारांच्या उपचारात साधारण दर महिन्याला डॉक्टरांकडे जावं लागतं. इथून बालाघाट, आणि तिथे सोय नसेल तर गोंदिया किंवा नागपूर, म्हणजे प्रत्येक खेपेला पूर्ण दिवस जातो. त्यामुळे कोणता उपचार कशासाठी आणि कोणता आधी, हे पहिल्या खेपेलाच समजलेलं बरं.

फट कुणाची, हे आधी

एकाच घरात तीन माणसांना सारखीच फट असली तरी उत्तर तीन वेगळी असू शकतात.

आठ वर्षांच्या मुलाला फट असेल तर बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. दुधाचे दात पडून समोरचे पक्के दात येतात तेव्हा ते थोडे पसरलेले, बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. वरचे सुळे अजून हाडात असतात आणि शेजारच्या दातांच्या मुळांना रेटत असतात. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सुळे खाली उतरले की दात एकमेकांकडे सरकतात. फट २ मिलिमीटरच्या आत असेल तर ती या वयात आपोआप मिटण्याची शक्यता चांगली असते. त्याहून मोठी असेल तर पूर्ण मिटेलच असं नाही, पण तरी सुळ्यांची वाट बघायची असते. एक अपवाद आहे. समोरच्या दोन दातांच्या मधे हाडात एखादा लहान, सुळक्यासारखा जादा दात अडकलेला असू शकतो. तो बाहेरून दिसत नाही, एक्स-रेमध्येच सापडतो. तो काढल्याशिवाय ते दोन दात जवळ येत नाहीत. म्हणून फट मोठी असेल, किंवा एक दात आला आणि दुसरा सहा महिने आलाच नाही, तर एक्स-रे काढून घ्यावा.

पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या दातात आधी फट नव्हती आणि आता पडली, तर गोष्ट अगदी वेगळी. ती बहुतेक वेळा हिरड्यांच्या आजाराची खूण असते. दाताभोवतीचं हाड झिजतं, दाताला आधार राहत नाही आणि तो पुढे सरकतो. मधुमेह, तंबाखू, खर्रा यांनी हा आजार वाढतो. इथे फट भरणं म्हणजे भिंतीची भेग बुजवून पाया तसाच सोडणं. सुजलेल्या हिरडीवर तारा लावल्या तर हाड आणखी वेगाने जातं. आधी हिरड्यांचा उपचार, मग बाकीचं.

तारा, बाँडिंग आणि फ्रेनम यांची खरी तुलना उरते ती या दोघांच्या मधल्या वयात. सगळे पक्के दात आलेले, हिरड्या निरोगी आणि फट लहानपणापासूनची.

फ्रेनमवर सगळा दोष का येतो

वरचा ओठ वर उचलला की आतून हिरडीपर्यंत येणारी मधली पट्टी दिसते. तिला फ्रेनम म्हणतात. तान्ह्या बाळात ती जाड असते आणि पुष्कळदा दातांच्या जागेतून पार टाळूच्या बाजूपर्यंत गेलेली असते. जबडा वाढतो, दात खाली येतात, तशी ती वर राहून जाते. काहींमध्ये ती वर जात नाही, दोन दातांच्या मधोमध रुतून बसते.

आता पट्टीमुळे फट राहिली, की फट राहिली म्हणून पट्टी तिथे टिकली? दोन्ही घडू शकतं. त्यामुळे नुसती जाड पट्टी दिसली म्हणून तीच गुन्हेगार ठरत नाही.

डॉक्टर एक साधी परीक्षा करतात. ओठ वर आणि पुढे ओढून धरतात आणि वरच्या दोन दातांच्या मागे, टाळूकडे असलेला हिरडीचा लहान उंचवटा बघतात. ओठ ओढल्यावर तो पांढरा पडला, म्हणजे पट्टीचे धागे दातांच्या मधून तिथपर्यंत गेलेले आहेत. सोबत एक्स-रेमध्ये दोन दातांच्या मधल्या हाडाच्या टोकाला खाच दिसली तर संशय पक्का होतो. हिरडी पांढरी पडत नसेल तर फ्रेनमला हात लावण्याचं कारण सहसा नसतं.

फ्रेनम कापणं हे तसं लहान काम आहे. जागा बधिर करून पट्टी आणि दोन दातांच्या मधले तिचे धागे काढतात, टाके घालतात आणि आठवड्याभराने ते काढतात. लेझरने केलं तर रक्त कमी येतं आणि बहुधा टाके लागत नाहीत. पण पुष्कळ घरांत गैरसमज होतो तो इथेच : मोठ्या माणसाची फट फक्त पट्टी कापून मिटत नाही. वाटेतला अडथळा गेला तरी दात जागचे हलत नाहीत, त्यांना हलवावं लागतं.

म्हणून रूढ क्रम असा : आधी तारांनी फट बंद करायची, नंतर फ्रेनम कापायची. कारण जखम भरताना तिथे घट्ट व्रण तयार होतो. फट उघडी असताना कापलं तर तो व्रण दोन दातांच्या मधेच बसतो आणि पुढे दात जवळ आणताना तोच आडवा येऊ शकतो. फट मिटल्यावर कापलं तर तोच व्रण दातांना जवळ धरून ठेवायला मदत करतो. शिवाय दात जवळ आले की दाबामुळे काहींची पट्टी आपोआप आक्रसते आणि कापायची गरजच उरत नाही.

याला अपवाद आहेत. पट्टी इतकी जाड असेल की फट बंद होता होता मधे मांसाचा गोळा जमतो आणि दुखतो, किंवा ती हिरडी ओढून खाली उतरवत असेल, तर आधी किंवा मधेच कापावी लागते. हा निर्णय दात सरकवणाऱ्या डॉक्टरांनी, म्हणजे ऑर्थोडोंटिस्टने घ्यायचा असतो.

बाँडिंग : एका दिवसात काय होतं, काय नाही

बाँडिंग म्हणजे दाताच्याच रंगाचं कंपोझिट फटीच्या दोन्ही बाजूंच्या दातांवर चढवून ते रुंद करणं. बोलीत याला सिमेंट म्हणतात. दात न हलवता फट झाकली जाते.

काम असं चालतं. दात ओला असतानाच रंग जुळवतात, कारण कोरडा पडलेला दात जास्त पांढरा दिसतो. मग थुंकी लागू नये अशी आडोशाची सोय करून दाताच्या कडेला सौम्य आम्लाची जेल अर्धा मिनिटापर्यंत लावतात आणि धुतात. त्यामुळे दाताच्या वरच्या थरात सूक्ष्म खडबडीतपणा येतो आणि चिकटवणारा द्रव त्यात धरतो. त्यावर कंपोझिटचे पातळ थर देत, प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करत आकार घडवतात. शेवटी घासून चकाकी देतात. बहुधा दात कोरावा लागत नाही, सुईही लागत नाही. पुढे कधी तारा लावायचं ठरलं तर कंपोझिट काढून टाकता येतं.

मर्यादा आकाराची आहे. समोरचा मोठा दात सुमारे साडेआठ मिलिमीटर रुंद आणि साडेदहा मिलिमीटर उंच असतो, म्हणजे रुंदी उंचीच्या साधारण ८० टक्के. डोळ्याला हे प्रमाण बरं वाटतं. फट १ मिलिमीटरची असेल तर प्रत्येक दाताला अर्धा मिलिमीटर लागतो, रुंदी ९ होते आणि फरक कुणाला कळत नाही. फट ३ मिलिमीटरची असेल तर प्रत्येक दात १० मिलिमीटरचा होतो. साडेदहा उंच, दहा रुंद : दात जवळजवळ चौकोनी आणि हसताना तेच दोन दात आधी दिसतात. म्हणून नुसतं बाँडिंग शोभतं ते साधारण दीड-दोन मिलिमीटरपर्यंत.

दुसरी मर्यादा हिरडीपाशी आहे. कंपोझिट हिरडीतून हळूहळू फुगत बाहेर यायला हवं. ते एकदम पायरीसारखं सुरू केलं तर खाली अन्न अडकतं. महिन्याभरात तिथली हिरडी लाल होते आणि घासताना रक्त येतं. नखाने किंवा दोऱ्याने कडेला अडखळल्यासारखं वाटलं की समजावं, पायरी राहिली आहे. ती घासून नीट करता येते, पण तसंच सोडू नये.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. कंपोझिट साधारण पाच-सात वर्षांत दुरुस्तीला येतं. चहा आणि हळदीने ते पिवळं पडतं, खर्रा आणि गुटख्याने फार लवकर. समोरच्या दातांनी ऊस सोलणं, दोरा तोडणं, बाटलीचं झाकण उघडणं या सवयी असतील तर कोपरा तुटणारच.

लग्न जवळ आलं म्हणून महिनाभरात फट मिटवायची असेल तर लहान फटीसाठी बाँडिंग योग्य आहे. मात्र त्याच घाईत चांगले दात चारी बाजूंनी घासून कॅप बसवायला तयार होऊ नये. घासलेला दात परत येत नाही आणि ती कॅप आयुष्यात पुन्हा पुन्हा बदलावी लागते.

तारा : दात मुळासकट सरकवणं

तारांचा फायदा हा की दाताचा आकार तोच राहतो, जागा बदलते. पण दोन दात ओढून एकमेकांना टेकवले, एवढ्यावर काम होत नाही. दाताचा जो भाग दिसतो तो टेकतो आणि मुळं लांबच राहतात, तर दात उलट्या व्ही सारखे कलतात आणि लवकर परत उघडतात. म्हणून आधी मऊ तारेने दात रांगेत आणतात, मग जाड स्टीलच्या तारेवरून रबरी साखळीने सरकवतात. जाड तार रुळासारखं काम करते आणि दात मुळासकट जातो. वेग फार तर महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास. जास्त जोर लावला तर मुळं झिजण्याचा धोका वाढतो.

खालचे दात वरच्या दातांच्या मागे फार वर येऊन आदळत असतील तर आधी ती चावण्याची पद्धत सुधारावी लागते. नाहीतर खालचे दात वरच्यांना रोज पुढे ढकलतात आणि फट मिटूच देत नाहीत.

रबरबँडचा घरगुती प्रयोग : दात जाण्याचा धोका

दोन दातांभोवती लहान रबरबँड घालून फट मिटवायची, असे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात आणि असे बँड ऑनलाइन विकतही मिळतात. फट काही दिवसांत मिटलेली दिसते, आणि फसवणूक तिथेच आहे. दाताचं मूळ खालून वर निमुळतं होत जातं. रबर त्या उतारावरून हळूहळू वर, हिरडीच्या आत सरकतो. एक दिवस तो दिसत नाही, माणसाला वाटतं पडला. प्रत्यक्षात तो मुळाभोवती आवळत हाड खात वर जातो. हिरडी सुजते, पू येतो, दात लांब झाल्यासारखे दिसतात आणि हलू लागतात. दंतवैद्यकाच्या साहित्यात असे दोन्ही समोरचे दात गमावल्याच्या नोंदी आहेत. साध्या एक्स-रेत रबर सहसा दिसत नाही, म्हणून ‘बँड घातला होता’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगायला हवं. डॉक्टरही रबर वापरतात, पण तो दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटला अडकलेला असतो, त्यामुळे वर सरकत नाही.

एक उदाहरण हिशोबासह

समजा, बिरसामधली १९ वर्षांची मुलगी आहे. फट ३ मिलिमीटर. ओठ ओढला की मागची हिरडी पांढरी पडते. आईलाही अशीच फट आहे. समोरचे मोठे दात साडेआठ मिलिमीटरचे, पण त्यांच्या बाजूचे दोन दात लहान, ५ मिलिमीटरचे. साधारणपणे ते साडेसहाच्या आसपास हवेत.

नुसतं बाँडिंग केलं तर मोठे दात १० मिलिमीटरचे होतात आणि बाजूचे लहान दात आणखी लहान दिसतात. नुसत्या तारा लावून मोठे दात जवळ आणले तर मधली फट जाते, पण दोन्हीकडे मोठ्या आणि लहान दाताच्या मधे दीड-दीड मिलिमीटरच्या दोन नव्या फटी पडतात. जागा कुठेतरी राहणारच, कारण मुळात दातच कमी रुंद आहेत. नुसती फ्रेनम कापली तर फट ३ मिलिमीटरच राहते.

हिशोब जुळतो तो तिन्ही एकत्र आणल्यावर. आधी एक्स-रे आणि दातांची सफाई. पहिले दोन-तीन महिने मऊ तार. पुढचे तीन-चार महिने जाड तार आणि रबरी साखळी, मधली फट बंद. नंतर पुन्हा ओठ ओढून बघायचं. मागची हिरडी अजून पांढरी पडत असेल आणि मधे मांस जमलं असेल, तर तारा असतानाच फ्रेनम कापायची, म्हणजे जखम भरेपर्यंत दात धरलेले राहतात. मग तारा काढून बाजूच्या प्रत्येक लहान दातावर दीड मिलिमीटर कंपोझिट : ५ चे साडेसहा. मोठ्या दातांना कंपोझिट लावायचंच नाही. शेवटी मोठ्या दातांच्या मागे बारीक तार चिकटवायची. सगळं मिळून नऊ-दहा महिने आणि साधारण दहा-बारा खेपा. बाकीचे दातही वाकडे असतील तर दीड-दोन वर्षं.

मागची तार कायमची

फट मिटणं अवघड नाही, मिटलेली राहणं अवघड आहे. १९९९ मध्ये ‘अँगल ऑर्थोडोंटिस्ट’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात तारांनी फट मिटवलेल्या ९६ जणांना नंतर तपासलं, तर जवळपास निम्म्यांची फट काही प्रमाणात परत आली होती. सुरुवातीची फट मोठी असणं आणि घरात दुसऱ्या कुणाला तशीच फट असणं, या दोन गोष्टी परत उघडण्याशी जोडलेल्या दिसल्या. वरच्या उदाहरणातल्या मुलीत दोन्ही आहेत.

म्हणून मागची तार सहा महिन्यांची नसते. ती वर्षानुवर्षं, शक्यतो कायमची ठेवायची असते. बाहेरून दिसत नाही, जिभेला आठवड्याभर टोचल्यासारखी वाटते, मग सवय होते. ती एका बाजूने सुटली तर बहुधा दुखत नाही, त्यामुळे लक्षातही येत नाही. जिभेला टोक लागलं, किंवा दोन दातांमधून अचानक अन्न अडकू लागलं, तर तार सुटली असं समजून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावं. काही आठवडे गेले की दात सरकलेले असतात आणि पुन्हा तारांपासून सुरुवात करावी लागते.

कुठे जायचं, काय विचारायचं

तारांसाठी ऑर्थोडोंटिस्ट लागतो. तो बीडीएसनंतर दात सरकवण्याच्या विषयात एमडीएस केलेला असतो. दात काढणं आणि भरणं जवळच्या दवाखान्यात होतं, तारांसाठी मात्र मोठ्या शहराकडे जावं लागण्याची शक्यता जास्त. मध्य प्रदेशचं शासकीय दंत महाविद्यालय इंदूरला, म्हणजे या भागातून फार लांब. त्यामानाने बालाघाट-गोंदिया रेल्वेमार्गाने नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय गाठणं सोपं, आणि छत्तीसगडच्या बाजूने रायपूरचं शासकीय दंत महाविद्यालय. दुसऱ्या राज्याची योजना किंवा कार्ड तिथे चालतं का, हे जाण्याआधी विचारून घ्यावं.

पहिल्याच भेटीत चार प्रश्न विचारावेत :

१. माझ्या फटीचं कारण काय, आणि एक्स-रेमध्ये काय दिसतं?

२. फट किती मिलिमीटर, आणि नुसत्या बाँडिंगने दात किती रुंद होतील?

३. फ्रेनम कापायची असेल तर तारांच्या आधी की नंतर, आणि का?

४. सांगितलेल्या खर्चात मागची तार आणि ती सुटल्यास परत चिकटवणं धरलं आहे का?

फट मिटवायलाच हवी असंही नाही. फ्रान्समध्ये अशा दातांना नशिबाचे दात म्हणतात, आणि नायजेरिया-घानामध्ये ही फट सौंदर्याची खूण मानतात. लहानपणापासूनची, न वाढणारी फट आणि निरोगी हिरडी असेल तर ती तशीच ठेवल्याने दातांचं नुकसान होत नाही. नवीन पडलेली किंवा वाढत जाणारी फट मात्र दाखवायलाच हवी.